विरंजकाचा कस : क्लोरीनमापनाच्या इतिहासातील एक प्रकरण

१

सोन्याचा कस, जमिनीचा कस आणि अन्नाचा कस हे तिन्ही प्रयोग मराठीत रूढ आहेत. मूळ अर्थ सराफाच्या कसोटीचा. पुढे तो पदार्थाच्या अंगच्या सामर्थ्याकडे वळला. फ्रेंच भाषेतील ‘तित्र’ ह्या शब्दाचा इतिहास बराचसा असाच आहे. नाण्यातील सोन्यारुप्याच्या शुद्धतेचे प्रमाण हा त्याचा टांकसाळीतील अर्थ. एकोणिसाव्या शतकात तो रसायनशाळेत आला आणि एखाद्या द्रावणात कार्यकारी द्रव्य किती आहे हे दाखवू लागला. आपण ज्यास ‘टायट्रेशन’ म्हणतो तो शब्द ह्या ‘तित्र’पासूनच निघाला आहे. पाठ्यपुस्तकांनी स्वीकारलेला ‘अनुमापन’ हा पर्याय क्रियेचे वर्णन नेमके करतो. परंतु त्यात टांकसाळीची आठवण उरलेली नाही.

ती आठवण उपयोगी आहे, ती एका विरोधामुळे. सोन्याचा कस एकदा ठरला की तो पेटीत ठेवल्याने उतरत नाही. ज्या पदार्थाने अनुमापनपद्धतीला आरंभीच्या काळात मोठी चालना दिली तो विरंजक, म्हणजे कापड पांढरे करणारे क्लोरीनयुक्त द्रव्य, मात्र नेमका उलट स्वभावाचा आहे. त्याचा कस रोज उतरतो. पिंपावरची चिठ्ठी तीच राहते, चूर्णाचा रंग फारसा पालटत नाही, वास तर कित्येकदा वाढतोच. आणि सामर्थ्य मात्र गेलेले असते. असा पदार्थ मोजावयाचा तर मोजणारे द्रव्य तरी स्थिर हवे. ते स्थिर माप शोधण्यात सुमारे साठ वर्षे गेली. त्या शोधाचा मागोवा घेणे, आणि १९१५ नंतर फ्रान्समधील एका युद्धरुग्णालयात ह्या मापनावर जखमींचे हित कसे अवलंबून राहिले ते पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

शील याने १७७४ मध्ये क्लोरीन वायू प्रथम तयार केला. त्याने वनस्पतिजन्य रंग उडतात ही गोष्ट कापडाच्या धंद्याकडे वळविली ती बेर्तोले याने, १७८५ मध्ये. त्यापूर्वी कापड पांढरे करावयाचे म्हणजे ते पुनःपुन्हा क्षारात उकळून महिनोन्‌महिने कुरणावर उन्हात पसरावे लागे. क्लोरीनच्या पाण्याने हेच काम थोड्या काळात होऊ लागले. पॅरिसजवळच्या झावेल येथील कारखान्यात हा वायू पोटॅशच्या द्रावणात शोषून घेण्यात येई. त्यावरून ‘झावेलचे पाणी’ हे नाव पडले. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट याने १७९९ मध्ये विरलेल्या चुन्यात वायू शोषून कोरडे विरंजक चूर्ण बनविण्याचे पेटंट घेतले, आणि विरंजक ही पिंपात भरून दूरवर पाठविता येईल अशी विक्रीची वस्तू झाली.

विक्रीबरोबरच कसाचा प्रश्न उपस्थित झाला. द्रावण हलके असेल तर कापड पिवळट राहते. तीव्र असेल तर धागाच कुजतो. दोन्ही प्रकारांत नुकसान कापडवाल्याचे. रुआँ येथील देक्रोआझिय हे औषधिशास्त्रज्ञ स्वतः विरंजनाच्या व्यवसायातही होते. त्यांनी १७९५ मध्ये ह्यासाठी एका साध्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि बेर्तोलेच्या गौरवार्थ त्याला ‘बेर्तोलिमेत्र’ असे नाव दिले. रेषा आखलेल्या काचेच्या नळीत विरंजकाचे ठराविक पाणी घ्यावयाचे आणि गंधकाम्लात विरघळवून सौम्य केलेली नीळ त्यात मिसळावयाची. किती निळीचा रंग जातो तो त्या विरंजकाचा कस. जो गुण कारखान्यात हवा तोच मोजण्यासाठी वापरावयाचा, हा त्यातील सरळ विचार होय.

गे-ल्युसाक याने १८२४ मध्ये हीच पद्धत शास्त्रशुद्ध पायावर आणली. पिपेट आणि ब्युरेट ही उपकरणांची नावे त्याच्याच लेखनाने रूढ झाली. त्याचा महत्त्वाचा हातभार असा की, कस हा केवळ ‘किती नीळ’ असा न सांगता त्याने तो क्लोरीन वायूशी जोडला. ज्ञात आकारमानाच्या शुद्ध वायूने किती नीळ उडते हे आधी पाहून त्याने निळीचे द्रावण बेताचे केले. त्यावरून पुढे ‘अंश’ रूढ झाले. एक किलोग्रॅम चूर्णातून जितके लिटर क्लोरीन मिळू शकेल तितके त्याचे अंश. एक लिटर क्लोरीनचे वजन सुमारे ३·१७ ग्रॅम धरले, तर १०० अंशांचे चूर्ण म्हणजे शेकडा ३१·७ क्लोरीनचे. फ्रान्सच्या बाजारात ही अंशांची भाषा विसाव्या शतकातही दीर्घकाळ टिकली. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटलीवर ‘वीस व्हॉल्यूम’ असे लिहितात त्यामागेही हीच रीत आहे : द्रावण आपल्या आकारमानाच्या वीस पट ऑक्सिजन देईल, असा त्याचा अर्थ.

परंतु मापाचे साधन जी नीळ, तीच बेभरवशाची होती. त्या काळी युरोपच्या बाजारात येणारी बंगालची वा ग्वातेमालाची नीळ हा शेतीचा माल होता. प्रत्येक वडीत रंगद्रव्याचे प्रमाण निराळे. त्यामुळे निळीचे द्रावण दर वेळी नव्याने ठरवावे लागे, आणि ठेवल्यावर तेही पालटे. ह्याहून मोठा दोष मिसळण्याच्या क्रियेत होता. द्रव झटकन ओतला तर एक उत्तर येई, सावकाश ओतला तर दुसरे. मिश्रणात ज्या ठिकाणी क्लोरीन क्षणभर अधिक होई तेथे निळीचे विघटन अपेक्षेपेक्षा पुढे जाई, आणि आम्लामुळे मोकळा झालेला काही क्लोरीन हवेत उडून जाई. म्हणजे विरंजकाच्या कसात ओतणाऱ्याच्या हाताचाही वाटा असे. खरेदीदार आणि विक्रेता दोघेही प्रामाणिक असून त्यांचे आकडे जुळू नयेत, ही स्थिती व्यापारास सोयीची नव्हती.

३

ह्यावरचा उपाय गे-ल्युसाक यानेच अकरा वर्षांनी सुचविला. दरम्यान १८२९ पासून तो पॅरिसच्या टांकसाळीत कस पाहण्याच्या कामावर होता आणि १८३२ मध्ये त्याने चांदीचा कस मिठाच्या द्रावणाने ठरविण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. मुशीतील जुन्या पद्धतीपेक्षा ती अधिक काटेकोर होती. कारण तिच्यात मोजणारे द्रव्य शुद्ध, स्थिर आणि वजन करून घेता येण्याजोगे होते. हीच दृष्टी घेऊन १८३५ मध्ये तो पुन्हा विरंजकाकडे वळला. निळीच्या जागी त्याने तीन द्रव्ये सुचविली आणि त्यांतील सोमलाला, म्हणजे आर्सेनियस ऑक्साइडला, पसंती दिली. हा पांढरा घन पदार्थ शुद्ध मिळतो, हवेतील ओलावा सहसा घेत नाही आणि क्लोरीनशी त्याची क्रिया एका निश्चित टप्प्यावर थांबते.

येथे एक लक्षणीय पालट झाला. नीळ प्रयोगातून गेली नाही. तिची भूमिका मात्र बदलली. सोमलाच्या आम्लयुक्त द्रावणात तिचे केवळ काही थेंब टाकावयाचे आणि ब्युरेटमधून विरंजक सोडीत जावयाचे. सोमल शिल्लक आहे तोवर क्लोरीन त्याच्यावर खर्च होतो. तो संपला की निळीचा रंग उडतो आणि प्रयोग थांबतो. पूर्वी नीळ हे माप होते, आता ती केवळ साक्षीदार राहिली. तिच्या प्रतीचा किंवा वयाचा उत्तराशी संबंध उरला नाही. ओतण्याची दिशाही त्याने उलटी केली. विरंजक सदैव सोमलात पडत असल्याने क्लोरीन उडून जाण्यास वाव राहिला नाही. आधुनिक अनुमापनातील ‘दर्शक’ आणि ‘प्रमाण द्रावण’ हा भेद येथे स्पष्ट रूपात दिसतो.

पेनो याने १८५२ मध्ये सोमलाचे द्रावण क्षारधर्मी करून ही पद्धत आणखी सुधारली. पुढच्याच वर्षी, १८५३ मध्ये, बुन्सेनने आयोडिनावर आधारलेली सर्वसाधारण पद्धत मांडली आणि श्वार्त्सने तीत सोडियम थायोसल्फेट आणले. आज प्रयोगशाळेत विरंजक तपासण्याची जी रीत शिकविली जाते ती मुख्यतः ह्या दोघांची होय.

तिचे तत्त्व असे : विरंजक पोटॅशियम आयोडाइडमधून आयोडीन मुक्त करतो. त्या आयोडिनाचा तपकिरी रंग थायोसल्फेटने नाहीसा होतो. किती थायोसल्फेट लागले त्यावरून आयोडीन कळते, आणि आयोडिनावरून विरंजकाचा कस.

ह्या हिशेबात जो शब्दप्रयोग येतो तो भाषेच्या अभ्यासकाने अवश्य पाहण्याजोगा आहे. कस ‘उपलब्ध क्लोरीन’ ह्या नावाने सांगतात. सोडियम हायपोक्लोराइटच्या ७४·५ ग्रॅममध्ये क्लोरीन आहे ३५·५ ग्रॅम. परंतु त्याचा ‘उपलब्ध क्लोरीन’ धरतात ७१ ग्रॅम. पदार्थात जितका क्लोरीन नाही तितका उपलब्ध कसा, असा प्रश्न विद्यार्थी दर वर्षी विचारतात. उत्तर इतिहासात आहे. मोजणी प्रथमपासून मुक्त वायूच्या कर्तृत्वाशी तुलना करून झाली. हायपोक्लोराइटमधील क्लोरीनचा एक अणू आयोडिनाचे दोन अणू मुक्त करतो, म्हणजे वायुरूप क्लोरीनच्या दोन अणूंचे काम करतो. तेव्हा हे नाव द्रव्याचे नसून सामर्थ्याचे आहे; आणि ‘कस’ ह्या शब्दाचा अर्थही तोच.

४

आता ज्या ठिकाणी हा हिशेब जिवाशी येऊन भिडला त्याकडे वळू. पहिल्या महायुद्धात, खंदकांच्या मातीने दूषित झालेल्या जखमा चिघळणे ही मोठी आपत्ती होती. फ्रान्समध्ये काँपिएन्य येथील रुग्णालयात शस्त्रवैद्य अलेक्सी कारेल आणि इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन यांनी त्यावर सौम्य हायपोक्लोराइटचे द्रावण योजिले. डेकिनचा निबंध १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जखमेत रबराच्या बारीक नळ्या बसवून साधारणपणे दर दोन तासांनी हे द्रावण सोडावयाचे, अशी उपचाराची रीत होती.

द्रावणात सोडियम हायपोक्लोराइटचे प्रमाण शेकडा ०·४५ ते ०·५० एवढ्याच मर्यादेत असावे लागे. त्याहून कमी झाले तर जंतूंवर पुरेसा परिणाम होत नसे. अधिक झाले तर त्वचेचा आणि मांसाचा दाह होई. विरंजनाच्या कारखान्यात जो पेच कापडासंबंधी होता तोच येथे जखमेसंबंधी उभा राहिला. आणि द्रावण बनवावयाचे ते बाजारी विरंजक चूर्णापासून. हे चूर्ण पिंपागणिक निराळे असते. म्हणून कारेलच्या पद्धतीत अनुमापन ही औषध बनविण्याची पहिली पायरी मानली गेली. दोफ्रेन याने सुधारलेली कृती त्यासाठी पुढीलप्रमाणे होती.

भांड्यातील वरचे, मधले आणि तळाचे असे वेगवेगळ्या जागांचे चूर्ण घेऊन ते एकत्र करावे. कारण वरचा थर हवेच्या संसर्गाने आधी उतरलेला असतो. त्यातील २० ग्रॅम पाण्यात चांगले खलून एकूण एक लिटर करावे. ह्यापैकी १० घन सेंटिमीटर घेऊन त्यात शेकडा १० चे पोटॅशियम आयोडाइड द्रावण २० घ. सें. आणि मागाहून आम्ल २ घ. सें. घालावे. हा क्रम चुकवू नये. आयोडाइडच्या आधी आम्ल पडले तर क्लोरीन मोकळा होऊन उडून जातो आणि चूर्ण आहे त्याहून हलके भासते. नंतर लिटरमध्ये २४·८ ग्रॅम थायोसल्फेट असलेले, म्हणजे दशांश प्रमाणाचे, द्रावण रंग जाईपर्यंत सोडावे. रंग गवती पिवळा झाल्यावर स्टार्चचे पाणी घातले तर शेवटचा क्षण निळ्या रंगाच्या लोपाने स्पष्ट दिसतो. लागलेल्या घन सेंटिमीटरांस १·७७५ ने गुणले की चूर्णातील उपलब्ध क्लोरीन शेकडेवारीत मिळतो. हा गुणक कोठून आला ते पडताळणे सोपे आहे : एक घ. सें. थायोसल्फेट म्हणजे ०·००३५५ ग्रॅम क्लोरीन, आणि तपासलेल्या द्रवात चूर्ण ०·२ ग्रॅम.

समजा, १४·१ घ. सें. लागले, तर कस शेकडा २५. दोफ्रेनच्या कोष्टकाप्रमाणे दहा लिटर द्रावणास असे चूर्ण १८४ ग्रॅम लागते. शेकडा २० चे असेल तर २३० ग्रॅम, आणि शेकडा ३० चे असेल तर १५४ ग्रॅम. तिन्ही ठिकाणी गुणाकार केला तर सुमारे ४६ ग्रॅम उपलब्ध क्लोरीन निघतो. कोष्टकाचे मर्म एवढेच. चूर्णाच्या प्रमाणात धुण्याच्या सोड्याचे आणि खाण्याच्या सोड्याचे वजनही बदलते.

आता हेच चूर्ण काही महिने ठेवले, त्याचा कस शेकडा २० वर आला, आणि औषध बनविणाऱ्याने ते पुन्हा न तपासता जुन्या हिशेबाने १८४ ग्रॅमच घेतले असे समजू. क्लोरीन मिळेल ३६·८ ग्रॅम. त्यापासून हायपोक्लोराइट सुमारे ३८·६ ग्रॅम. म्हणजे द्रावण शेकडा ०·३९ चे. ते दिसावयास, वासाला, हाताला योग्य द्रावणासारखेच असेल. जखमेत मात्र ते निरुपयोगी. उलट, नवे पिंप शेकडा ३० चे निघाले आणि तेच १८४ ग्रॅम घातले तर द्रावण ०·५८ चे होऊन दाह करील. म्हणून तयार द्रावणाचेही अनुमापन करीत. १० घ. सें. द्रावण, तेच आयोडाइड, थोडे ॲसेटिक आम्ल, तेच थायोसल्फेट. येथे गुणक ०·०३७२५. योग्य द्रावणास १२·१ ते १३·४ घ. सें. लागले पाहिजेत. वरील पहिल्या चुकीत ते १०·४ लागतील, दुसरीत १५·५. चूक डोळ्यांना दिसत नाही. ब्युरेटवर मात्र लपत नाही.

५

साठवणीत कस का उतरतो? कोरड्या चूर्णाचे शत्रू तीन : ओलावा, हवेतील कार्बन डायॉक्साइड आणि उष्णता. ओलसर चूर्णावर कार्बन डायॉक्साइडची क्रिया होऊन चुन्याचे कार्बोनेट बनते आणि क्लोरीन सुटतो. जुन्या डब्याचा उग्र वास हा त्याच्या सामर्थ्याचा नव्हे, सामर्थ्य गमावण्याचा पुरावा आहे. चूर्णाच्या गाठी होणे, ते चिकट बनणे, ही त्याचीच लक्षणे.

द्रवरूप हायपोक्लोराइट दोन वाटांनी क्षीण होते. एका वाटेने ऑक्सिजन सुटून साधे क्लोराइड, म्हणजे मीठ, मागे राहते. लोह, तांबे, निकेल, कोबाल्ट ह्यांचा अंशमात्र संसर्ग ह्या क्रियेस वेग देतो. घट्ट बुचाच्या बाटलीत दाब वाढतो तो ह्यामुळे. दुसऱ्या वाटेने हायपोक्लोराइटचेच क्लोराइड आणि क्लोरेट बनते. ही क्रिया तीव्र द्रावणात फार जलद असते : तीव्रता निम्मी केली तर तिचा वेग चौथाईवर येतो. दहा अंश सेल्सिअस उष्णतामान वाढले की तो सुमारे तिप्पट होतो. म्हणून तीव्र द्रावण आणल्याबरोबर थंड, शुद्ध पाण्याने पातळ करून अंधारात ठेवणे हितावह ठरते.

क्षार पुरेसा असेल तर द्रावण अधिक टिकते. परंतु डेकिनच्या द्रावणाला हे संरक्षण देता येत नव्हते. कारण क्षार मांसास दाहक असतो. दोफ्रेनची एक परीक्षा ह्याचसाठी होती : द्रावणावर फिनॉल्फ्थॅलिनची पूड टाकली असता लाल रंग दिसता कामा नये. झावेलच्या पाण्यात तो दिसतो. जखमेला जे सौम्य तेच बाटलीत अल्पायुषी, असा हा अटळ व्यवहार होता. आणि द्रावण ताजे बनवून वापरण्याचा आग्रह त्यातूनच आला.

क्लोरेटाच्या वाटेमुळे खुद्द अनुमापनही फसू शकते. ॲसेटिक आम्लात क्लोरेट आयोडाइडवर जवळजवळ क्रिया करीत नाही. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात मात्र हळूहळू करते. तेव्हा जुने द्रावण तीव्र आम्लात तपासले, तर जे सामर्थ्य नष्ट होऊन क्लोरेट झाले आहे त्याचा काही भाग पुन्हा जमेस धरला जातो. रंग गेल्यावर निळसर छटा थोड्या वेळाने परत येऊ लागली तर ही शंका घ्यावी. मात्र आम्लात हवेच्या ऑक्सिजनानेही आयोडीन मुक्त होते, म्हणून पहिला लोप हाच शेवट मानावा आणि पात्र उघडे ठेवू नये. शिवाय थायोसल्फेटचे द्रावणही चिरस्थायी नाही. जंतूंनी आणि कार्बन डायॉक्साइडने तेही पालटते. शुद्ध पोटॅशियम डायक्रोमेट वा आयोडेट वजन करून घेऊन त्याचा कस अधूनमधून ठरवावा लागतो. निळीच्या वेळचा प्रश्न असा अखेरपर्यंत पाठ सोडीत नाही. तो केवळ वजनाने घेता येणाऱ्या एका स्थिर घन पदार्थापर्यंत मागे सरतो.

६

उष्ण प्रदेशांत साठवणीचा प्रश्न अधिक बिकट. त्यासाठी चूर्णात कळीचा चुना मिसळून ओलावा त्याच्याकडून शोषविण्याची युक्ती निघाली, आणि अशा चूर्णास इंग्रजीत ‘ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम’ म्हणू लागले. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या व्यवहारात विहिरीत टाकावयाच्या चूर्णास ‘टीसीएल’ म्हणतात, ती ह्याच नावाची आद्याक्षरे. बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांस त्यातील ‘उष्ण प्रदेशीय’ हे विशेषण ठाऊक असेल; म्हणजे उन्हाळ्यात कस टिकावा ह्यासाठी झालेली सगळी खटपट त्या एका अक्षरात दडलेली आहे.

ब्रिटिश लष्करी वैद्यक दलातील विल्यम हॉरॉक्स यांच्या नावाची जी पेटी पुढे भारतातील आरोग्यखात्यांच्या वापरात आली, तीत ह्या प्रश्नाला व्यवहारी बगल दिलेली आढळते. काळ्या पेल्यात चूर्णाचा एक चमचा कालवून त्याचे थेंब चढत्या संख्येने पांढऱ्या पेल्यांतील विहिरीच्या पाण्यात टाकावयाचे. अर्ध्या तासाने दर्शक घातल्यावर ज्या पेल्यात प्रथम स्पष्ट निळा रंग येईल त्यावरून चूर्णाची मात्रा चमच्यांतच ठरते. चूर्ण उतरलेले असेल तर रंग पुढच्या पेल्यात येतो आणि मात्रा आपोआप वाढते. येथे चूर्णाचा कस कधी आकड्यात सांगितलाच जात नाही. मात्र एक अट राहते : ज्या भांड्यातील चूर्णाने परीक्षा केली त्याच भांड्यातील चूर्ण, त्याच दिवशी, विहिरीत पडले पाहिजे.

ह्यावरून विरंजकाच्या कसाचे एक व्याकरण सांगता येईल. सोन्याच्या कसाचे विधान नित्य वर्तमानकाळात करता येते. विरंजकाच्या कसाचे विधान केवळ भूतकाळातच खरे असते. ‘हे चूर्ण शेकडा २५ चे आहे’ असे न म्हणता ‘अमुक दिवशी ते शेकडा २५ चे होते’ असे म्हणावे, आणि नोंदवहीत कसाच्या आकड्याशेजारी तारखेचा रकाना कधी रिकामा ठेवू नये.